झोप लागल्यावर पुस्तक कुठे जातं?

छापील पुस्तक वाचता वाचता डोळा लागला, तर ते छातीवर उपडं पडून राहतं आणि सकाळी पान तेच असतं. ऑडिओबुकला मात्र ऐकणारा झोपल्याचा पत्ताच नसतो. वाचक-कलाकार आपला वाचत राहतो, नायिका माहेर सोडते, दोन पात्रं मरतात आणि सकाळी ॲप दाखवतं की पुस्तक संपलं. यावर उपाय म्हणून ॲपमध्ये स्लीप टायमर असतो. पण बरेच जण तो एकदा लावतात, सकाळी त्यांना आपली जागा सापडत नाही, आणि मग वैतागून ते टायमरचा नाद सोडतात. दोष बहुतेक वेळा टायमरचा नसतो. आपण लावलेला वेग आणि टायमर यांचं गणित जुळत नाही, हे कोणी सांगितलेलं नसतं.

समजा, रात्री अकराला तुम्ही कानात इअरबड्स घालून आडवे झालात. कादंबरी 2 तास 10 मिनिटांवर आहे, वेग 1.25 पट आहे आणि टायमर 30 मिनिटांचा लावला आहे. साडेअकराला आवाज थांबेल हे नक्की, पण पुस्तक 2 तास 40 मिनिटांवर थांबणार नाही. टायमर सहसा भिंतीवरच्या घड्याळाची मिनिटं मोजतो, पुस्तकाची नाही. त्या अर्ध्या तासात पुस्तक साडेसदतीस मिनिटं पुढे सरकलेलं असतं, म्हणजे 2:47:30 वर. दीडपट वेग असता तर पाऊण तास पुढे गेलं असतं. सकाळी ‘अर्धा तास मागे जाऊ’ म्हणून मागे गेलात, तरी सुरुवातीची साडेसात मिनिटं हिशेबाबाहेरच राहतात.

आता नेमकी झोप कधी लागली ते शोधायचं आहे. पंधरा-पंधरा सेकंदांनी मागे येण्याचं बटण दाबत बसलात तर अख्खी सकाळ जाईल. त्यापेक्षा साडेसदतीस मिनिटांच्या मध्यावर, म्हणजे साधारण 2:29 वर जा आणि अर्धा मिनिट ऐका. हे ऐकल्याचं आठवत असेल तर उरलेल्या पुढच्या भागाच्या मध्यावर जा, आठवत नसेल तर मागच्या भागाच्या मध्यावर. असं चारदा केलं की शोध जेमतेम सव्वादोन मिनिटांच्या पट्ट्यात येतो. झोप लागण्याआधीची शेवटची काही मिनिटं माणसाला सहसा आठवत नाहीत, त्यामुळे तुम्ही खऱ्या जागेच्या थोडं अलीकडेच पोहोचाल. त्यात बिघडत काहीच नाही, चार वाक्यं पुन्हा ऐकायला मिळतात इतकंच. टायमर लावताना त्याच जागी बुकमार्कही टाकून ठेवला, तर मागची हद्द तरी पक्की राहते.

याहून चांगला मार्ग म्हणजे टायमरच छोटा लावणं. लोक पाऊण तासाचा टायमर लावतात, कारण मध्येच आवाज बंद पडला तर पुन्हा फोन हातात घ्यावा लागेल, स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर येईल, ही धास्ती असते. पण बऱ्याच ॲपमध्ये टायमर संपत आला की आवाज हळूहळू बारीक होतो, आणि त्या वेळी फोन नुसता हलवला तरी टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही सोय सेटिंगमध्ये कुठेतरी खाली असते आणि अनेकदा आधी बंदच असते, म्हणून शोधून चालू करावी लागते. ती चालू असेल तर पंधरा मिनिटांचा टायमर पुरतो. जागे असाल तर फोन हलवाल, झोपला असाल तर सकाळी शोधायला फार तर पंधरा-वीस मिनिटांचाच भाग असेल. ‘प्रकरण संपेपर्यंत’ हा पर्याय ऐकायला छान वाटतो, पण काही कादंबऱ्यांची प्रकरणं तासाभराची असतात. तो पॉडकास्टच्या शेवटाला बरा.

ज्या ॲपमध्ये टायमरच नाही, त्यासाठी आयफोनमध्ये एक वेगळी वाट आहे. Clock ॲपमधल्या टायमरला When Timer Ends असा पर्याय असतो, तिथे गजराच्या आवाजाऐवजी यादीच्या तळाशी असलेलं Stop Playing निवडायचं. वेळ संपली की जे काही वाजत असेल ते थांबतं, ॲप कुठलंही असो. फक्त आवाज हळूहळू उतरत नाही, एकदम तुटतो. हलकी झोप असणाऱ्यांना त्या अचानक शांततेनेही जाग येते.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबू. जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट जोरात फिरवली की आवाज चिरका व्हायचा, पोरं त्यावर हसायची. फोनवर दीडपट वेगातही आवाजाची पट्टी तीच राहते, कारण फोन आवाज ‘जोरात फिरवत’ नाही, तो त्यातले तुकडे कमी करतो. बाईच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा कंप पावतात. ‘आई’ म्हणताना ‘आ’ सेकंदाचा पाचवा भाग टिकला, तर त्यात एकमेकांसारखी चाळीसेक आवर्तनं असतात. दीडपट वेगात सॉफ्टवेअर शेजारशेजारची आवर्तनं ओळखून त्यांना एकमेकांवर सांधतं आणि चाळीसची सत्तावीस करतं. आवर्तनं सारखीच असल्यामुळे कानाला सांधा कळत नाही आणि पट्टीही बदलत नाही.

अडचण येते ती व्यंजनांशी. ‘पाटी’ आणि ‘पाठी’ यांच्यातला फरक म्हणजे ‘ठ’नंतरचा हवेचा एक छोटासा झोत. तो आधीच सेकंदाच्या एका बारीक अंशाएवढा असतो आणि त्यात पुन्हापुन्हा येणारं काही नसतं, त्यामुळे दुप्पट वेगात तो दबतो. ओळखीच्या शब्दात संदर्भ आपल्याला सावरून घेतो. गावांची, माणसांची नावं आली, इतिहासावरचं पुस्तक असलं, की तिथे कान चुकतो. संगीताचंही तेच. तबला, तानपुरा, गाणं एकत्र वाजत असताना सांधायला एकच आवर्तन सापडत नाही, म्हणून पॉडकास्टच्या सुरुवातीची धून वेगात खरखरीत लागते. वेग जास्त झाला आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे तुम्ही नावांसाठी मागे जाऊ लागता.

आणि वेग वाढवून वाचतं तरी किती? दहा तासांचं पुस्तक 1.25 पटीने आठ तासांत संपतं, म्हणजे दोन तास वाचतात. 1.5 केलं की आणखी एक तास वीस मिनिटं. 1.75 वरून 2 वर गेलात तर फक्त त्रेचाळीस मिनिटं. पहिली पायरी सर्वांत फायद्याची आणि कानाला सर्वांत हलकी, शेवटची सर्वांत तोट्याची. गप्पांचा पॉडकास्ट दीडपटीने ऐकायला काही हरकत नाही, बोलणारे तिथे ‘म्हणजे’, ‘तर’ करत वेळ काढतातच. पण चांगल्या कलाकाराने वाचलेली कादंबरी मी तरी वेग वाढवून ऐकणार नाही. मृत्यूच्या वाक्यानंतर त्याने ठेवलेला दोन सेकंदांचा विराम हे त्याचं काम असतं, आणि दीडपट वेग तो विरामही कापतो. रात्रीसाठी तर 1 हाच वेग ठेवावा. टायमरचं गणितही आपोआप सरळ होतं.

आता टायमर न लावताच झोप लागली तर? बड्स वाजत राहतात आणि काही तासांनी त्यांची बॅटरी संपते. सहसा एक बड आधी मरतो, दुसऱ्यात आवाज चालू राहतो, मग तोही मरतो. त्या क्षणी आवाज बाहेर पडायची एकच जागा उरते, ती म्हणजे फोनचा स्पीकर. पहाटे तीनला घरभर खुनाचं वर्णन ऐकू येऊ नये म्हणून फोनमध्ये एक तजवीज असते. हेडफोन सुटला की अँड्रॉइड वाजणाऱ्या ॲपला AUDIO_BECOMING_NOISY नावाची सूचना देतं. आयफोनमध्येही अशीच सूचना जाते. पण अँड्रॉइडचं काम एवढंच, ‘आता आवाज बाहेर जाणार आहे’ हे सांगण्याचं. थांबायचं की नाही ते ॲप ठरवतं. नीट बनवलेली ॲप थांबतात. एखादं छोटं, घाईत बनवलेलं ॲप सूचनेकडे दुर्लक्ष करतं, आणि मग लोकलच्या डब्यात आपलं पुस्तक सगळ्यांना ऐकू येतं.

तुटण्याचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांचा परिणाम वेगळा होतो. बड्स डबीत ठेवले तर ते फोनला ‘निघालो’ असं सांगून जातात, आणि पुस्तक लगेच थांबतं. फोन पलंगावर ठेवून तुम्ही दोन भिंतींपलीकडे स्वयंपाकघरात गेलात, तर निरोप देणारं कोणी नसतं. आवाज तुटक होतो, मग बंद. फोन मात्र काही वेळ वाट पाहतो की बड्स परत सापडतील. ब्लूटूथच्या नियमांत ही मुदत मुळात वीस सेकंदांची आहे, काही उपकरणं ती कमी ठेवतात. तेवढा वेळ पुस्तक कोणाच्याही कानात न जाता पुढे सरकत असतं. म्हणून लांब गेल्यामुळे जोड तुटली असेल, तर परत आल्यावर अर्धा मिनिट मागे जाऊनच ऐकायला लागावं. काही ॲपमध्ये थांबल्यानंतर आपोआप थोडं मागून सुरू होण्याची सोय असते, ती इथे कामी येते.

कानातून बड काढला की पुस्तक थांबतं, तो प्रकार आणखी निराळा. त्यात जोड तुटतच नाही. बडमधला छोटा सेन्सर ‘कान नाही’ हे ओळखतो आणि तुम्ही बोटाने दाबल्यासारखी थांबण्याची आज्ञा फोनला पाठवतो. स्वस्त बड्समध्ये हा सेन्सर नसतो. ते उशीखाली पडूनही इमाने इतबारे वाचत राहतात.

नवीन ॲप किंवा नवे बड्स घेतल्यावर दिवसाउजेडी एकदा तपासून घ्यावं. पुस्तक लावून फोनचा आवाज मध्यम ठेवायचा आणि आधी बड्स डबीत टाकायचे. मग पुन्हा लावून फोनमधलं ब्लूटूथच बंद करायचं. शेवटी फोन खोलीत ठेवून जिन्यापर्यंत चालत जायचं आणि खोलीत कोणालातरी बसवून विचारायचं, स्पीकरमधून काही ऐकू आलं का. पहिल्या दोन वेळा ॲप थांबलं आणि तिसऱ्या वेळी फक्त काही सेकंद उशीर झाला, तर सगळं ठीक आहे. एकदाही स्पीकर वाजला तर ते ॲप बदलावं, बड्स नव्हे.