सोल्डरिंग आयर्नची निवड आणि टोकाची कल्हई

खेळण्याच्या बॅटरीच्या डब्यातून सुटलेली वायर किंवा छोट्या रेडिओच्या स्पीकरची तुटलेली तार जोडायला २५ वॉटचा साधा सोल्डरिंग आयर्न पुरतो. ६० वॉटचा साधा आयर्न अशा कामाला दांडगाच. त्याने तारेवरचं प्लास्टिक वितळतं आणि सर्किटवरची तांब्याची पट्टी उचकटून येते. तापमान ठरवता येणारा आयर्न मात्र ६० वॉटचा असला तरी चालतो, कारण ठरवलेल्या अंशाला पोचला की तो तिथेच थांबतो. शिसेमिश्रित सोल्डरसाठी ३२० ते ३५० अंश सेल्सिअस बेताचं.

वॉटपेक्षाही टोकाकडे लक्ष द्यावं. नवशिक्याला सुईसारखं टोक नाजूक कामाला योग्य वाटतं, पण त्याचा फारच थोडा भाग तारेला टेकतो आणि उष्णता पोचत नाही. छिन्नीसारखं चपटं, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचं टोक बरं.

चांगल्या टोकात आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तापल्यावर मुलाम्यावर ऑक्साइडची काळी पुटं चढतात. मग सोल्डर टोकाला चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतं. भांड्याला कल्हई करावी तसा टोकाला सोल्डरचा पातळ थर दिला, की हवा लोखंडापर्यंत पोचत नाही.

नव्या टोकाला हा थर पहिल्याच तापण्यात द्यावा. आयर्न थंड असतानाच टोकाभोवती राळेचा फ्लक्स असलेल्या सोल्डर तारेचे दोन-तीन वेढे घालावेत आणि मग स्विच चालू करावा. ६०/४० सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळून पसरतं. टोक सगळीकडून चांदीसारखं चमकलं, की ओलसर स्पंजवर एकदा पुसून पुन्हा किंचित सोल्डर लावावं. स्पंज चिंब नको; पिळलेला हवा.

आता ती डब्याची वायर. सेल काढून ठेवावेत. तारेचं टोक तीन-चार मिलिमीटर सोलून, पीळ देऊन त्यालाही सोल्डरचा थर द्यावा. मग तार डब्याच्या पत्र्याला टेकवून आयर्नने दोन्ही एकत्र तापवावं आणि सोल्डर आयर्नवर न लावता जोडावर लावावं. ते पत्र्यावर आपोआप पसरलं तर जोड पक्का. वर मण्यासारखं बसून राहिलं तर पत्रा तापलेला नाही.

काम करताना टोक काळवंडलं तर पितळी काथ्यात फिरवून लगेच सोल्डर लावावं. कानस किंवा पॉलिश पेपर कधीही घासू नये. मुलामा गेला की आतलं तांबं वितळलेल्या सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला खड्डे पडतात. बिनमुलाम्याच्या तांब्याच्या जुन्या टोकांचा नियम उलटा आहे: ती कानसूनच नीट करतात. ओळखायला खूण सोपी, त्यांचा रंग लालसर असतो.

आयर्न बंद करण्यापूर्वी टोक पुसून कोरडं ठेवू नये. सोल्डरचा भरपूर थर लावून मगच स्विच बंद करावा आणि शिशामुळे हात साबणाने धुवावेत.