‘वू तूसे?’ : फ्रान्समधल्या औषधाच्या दुकानातला एक प्रश्न

फ्रान्समध्ये हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की ते औषधाचं दुकान. तिथे पॅरासिटामॉलसुद्धा आपण हाताने उचलू शकत नाही. जानेवारी 2020 पासून ते काउंटरच्या मागे ठेवतात. त्यामुळे साध्या घसादुखीसाठीही फार्मासिस्टशी बोलावंच लागतं.

‘बोंजूर मादाम, जे माल आ ला गोर्ज.’ नमस्कार, माझा घसा दुखतोय.

‘दप्वी कां?’ कधीपासून?

‘दप्वी इयेर.’ कालपासून.

‘आवे-वू द ला फिएव्र?’ ताप आहे?

इथे आपल्या तोंडी सवयीने ‘एकशे एक’ येतं. तिकडे ताप सेल्सिअसमध्ये सांगतात, म्हणून साडेअडतीस म्हणायचं: ‘त्रांत-व्हित सँक’.

मग ती विचारते, ‘वू तूसे?’ खोकला आहे का? आपण ‘नों’ म्हणतो आणि वाटतं, चला, एक त्रास तरी कमी. पण तिच्या हिशेबात याच ‘नाही’ने एक गुण वाढतो. घसादुखी बहुतेकदा विषाणूंमुळे होते आणि तिच्यासोबत सर्दी-खोकला असतो. स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असेल तर खोकला सहसा नसतो. अडतीसच्या वर ताप, खोकला नसणं, गळ्याच्या दुखऱ्या गाठी, सुजलेले टॉन्सिल, या प्रत्येकाला एक गुण. वय पंचेचाळीस किंवा जास्त असेल तर एक वजा. तिशीतल्या आपल्या ग्राहकाचे दोन गुण झाले, म्हणजे तपासणी करायला हरकत नाही. फार्मासिस्ट टॉन्सिलवरून कापसाची काडी फिरवते आणि काही मिनिटांत निकाल मिळतो. प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला 2024 पासून निकाल होकारार्थी आल्यास डॉक्टरच्या चिठ्ठीविना अँटिबायोटिक देता येतं. म्हणूनच ती आधी विचारते, ‘एत-वू आलेर्जिक आ ला पेनिसिलिन?’ याचं उत्तर अंदाजाने देऊ नये.

आपल्या ग्राहकाचा निकाल नकारार्थी आला. आता अँटिबायोटिक नाही, फक्त दोलिप्रान. ‘वू प्रने दोत्र मेदिकामां?’ दुसरी काही औषधं घेता? भारतातून आलेल्या माणसाने इथे थांबून आठवावं. बॅगेतली क्रोसिन किंवा डोलो घेतली असेल तर ते सांगायलाच हवं, कारण दोलिप्रान म्हणजेही पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने एका वेळी जास्तीत जास्त एक ग्रॅम घ्यायचं, त्यानंतर सहा तासांचं अंतर ठेवायचं आणि डॉक्टरला न विचारता दिवसाला तीन ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. वेगवेगळ्या नावांची दोन पाकिटं एकदम चालू राहिली, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि इजा यकृताला होते.

तोंड उघडता येत नसेल, थुंकीही गिळता येत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर काउंटरवरच्या गप्पांत वेळ घालवू नये. ‘जे द्यू माल आ रेस्पिरे’, मला श्वास घ्यायला त्रास होतोय, एवढं एक वाक्य पुरे. फोन 15 वर करायचा.