बिंगोचे पत्ते, जुने फाँट आणि नोकरीबाहेरचं सॉफ्टवेअर

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांमध्ये मुलांना वाचायला शिकवताना बिंगो खेळतात. आपल्याकडच्या हाऊजीसारखाच हा खेळ, पण पत्त्यावर आकड्यांऐवजी शब्द असतात. बाई शब्द उच्चारतात, मुलं तो आपापल्या पत्त्यावर शोधून झाकतात. खेळात मजा यायची तर प्रत्येक मुलाच्या पत्त्यावर शब्दांची मांडणी वेगळी हवी, आणि असे पंचवीस-तीस पत्ते हातानं बनवायला बाईंची एक अख्खी संध्याकाळ जाते.

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या पॅट्रिक मॅकेन्झी या अमेरिकी प्रोग्रामरनं 2006 च्या जुलैमध्ये नेमकं एवढंच काम करणारा प्रोग्राम विकायला काढला. ‘बिंगो कार्ड क्रिएटर’ हे त्याचं नाव. शब्दांची यादी द्यायची, हवे तेवढे वेगवेगळे पत्ते तयार करून छापायचे. किंमत 24.95 डॉलर, आणि सुरुवातीचं भांडवल साधारण 60 डॉलर. तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड काहीच नव्हतं. यादीतले शब्द उलटसुलट करून चौकटीत बसवणं हे महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल. तरीही तो चालला. मॅकेन्झीनं नोकरी सांभाळून तो वाढवला, त्याचे विक्रीचे आकडे स्वतःच जाहीर करत राहिला आणि 2010 मध्ये नोकरी सोडली.

आपल्या कोडिंगच्या कौशल्यातून जोडीला काहीतरी विकावं असं वाटणारे इंजिनिअर पुण्यात, हिंजवडी-खराडीत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मॅकेन्झीचं उदाहरण मोलाचं आहे, कारण त्यातले सगळे महत्त्वाचे निर्णय कोडच्या बाहेर घेतलेले दिसतात.

पहिला निर्णय फुकट आणि विकत यांच्यामधल्या रेषेचा. प्रोग्राम फुकट वापरून बघता यायचा, पण त्यातून पंधराच पत्ते छापता यायचे. वर्गात मुलं त्याहून जास्त असतात. म्हणजे बाईंना सगळं करून बघता येई, छपाई कशी येते ते पाहता येई, आणि नेमका वर्गात वापरायची वेळ आली की पैसे द्यावे लागत. तीस दिवसांची मुदत घातली असती तर बहुतेक जणींचं काम एका दिवसात आटोपलं असतं आणि विकत घेण्याचं कारणच उरलं नसतं. छोट्या उत्पादनाची कमाई बरीचशी या एका रेषेवर ठरते. ती ओढायची तर गिऱ्हाईक ते काम किती वेळा करतं आणि एका वेळी किती करतं हे ठाऊक असावं लागतं.

दुसरा निर्णय गिऱ्हाइकानं आपल्यापर्यंत कसं पोचायचं याचा. शिक्षिका ‘बिंगो सॉफ्टवेअर’ शोधत नाहीत. त्यांना हॅलोविनचे पत्ते हवे असतात, प्राण्यांच्या नावांचे हवे असतात. मॅकेन्झीनं अशा एकेका विषयाची तयार यादी असलेली स्वतंत्र पानं आपल्या संकेतस्थळावर उभी केली, आणि त्या याद्या बनवायला एका शिक्षिकेला मोबदला दिला. विक्रीचा मोसम ऑक्टोबरमध्ये, हॅलोविनच्या आधी चढायचा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक प्रोग्रामर ते टाळतात आणि त्याऐवजी प्रोग्राममध्ये आणखी एक सोय घालत बसतात.

तिसरी गोष्ट त्याला अनुभवानंतर कळली. संगणकावर उतरवून घ्यायच्या प्रोग्रामला नोंदणीची किल्ली लागायची आणि ती किल्ली लोक हरवायचे. मग पत्रं यायची. 2009 मध्ये त्यानं ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती काढली, तेव्हा ही किल्लीची कटकट संपली. ज्याच्या हाती आठवड्यातले मोजकेच तास आहेत त्याच्यासाठी गिऱ्हाइकांच्या पत्रांना लागणारा वेळ हाच खरा खर्च असतो.

हीच पद्धत आपल्याकडच्या एखाद्या गरजेला लावून बघता येते. एक गरज महाराष्ट्रातल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात दिसते. युनिकोड रुळण्याआधी मराठी पुस्तकं, मासिकं, स्मरणिका श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या डीव्ही-टीटी योगेशसारख्या फाँटमध्ये जुळवली जात. आजही बरंच काम तसंच होतं. या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीनं मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फाँट काढून टाकला की पानभर निरर्थक खुणा उरतात. असा मजकूर गुगलला सापडत नाही, त्याचं ई-पुस्तक नीट होत नाही, आणि अंध वाचकाच्या संगणकाला तो वाचून दाखवता येत नाही. वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा काढायचं तर प्रकाशकाला तो मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

यासाठी फुकट परिवर्तक उपलब्ध आहेत, आणि परिच्छेदभर मजकुराला ते पुरतात. पुस्तक घातलं की त्यांची दमछाक होते. का, ते समजायला ‘स्थिती’ हा शब्द पुरेसा आहे. जुन्या फाँटमध्ये वेलांटी जशी दिसते तशी आधी साठवली जाते: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये ती संपूर्ण जोडाक्षरानंतर यायला हवी. घाईत लिहिलेला प्रोग्राम वेलांटी फक्त एका खुणेपलीकडे, म्हणजे अर्ध्या ‘स’च्या पुढे सरकवतो, आणि पडद्यावर तुटका शब्द व ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. रफाराचं उलट आहे. ‘मर्जी’मधला रफार जुन्या फाँटमध्ये अक्षर आणि काना-मात्रा झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ज’च्या आधी न्यावा लागतो. शिवाय एकाच कंपनीच्या दोन फाँट-मालिकांत आकारांचे क्रमांक वेगळे असू शकतात.

याहून मोठी अडचण मजकूर नकलून चिकटवण्यात आहे. तसं केलं की कुठला तुकडा मराठी फाँटमध्ये होता आणि कुठला खरा इंग्रजी, ही माहिती हरवते. मग तळटीपेतल्या इंग्रजी ग्रंथनामाचंही मराठी कडबोळं होतं, आणि ठळक-तिरपी अक्षरं जातात ती वेगळीच. वर्डच्या डॉक्स फाइलमध्ये मात्र मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर फाँटचं नाव नोंदवलेलं असतं. ती फाइल उघडून फक्त जुन्या मराठी फाँटचे तुकडे बदलणारा आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवणारा प्रोग्राम लिहिला, तर प्रकाशकाचे मुद्रितशोधनाचे दिवस वाचतात. पैसे मिळतील ते या वाचलेल्या दिवसांचे.

पहिली आवृत्ती अरुंद ठेवावी लागेल: एकच फाँट-मालिका, एकच फाइल-प्रकार. पेजमेकरच्या जुन्या फाइली थेट वाचता येत नाहीत, त्या आधी दुकानदारालाच दुसऱ्या रूपात काढून द्याव्या लागतील. हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेलं बरं, नाहीतर सगळा वेळ परतावा देण्यात जाईल. प्रोग्रामनं स्वतःच्या चुका स्वतः दाखवणंही इथे शक्य आहे. पाय मोडलेल्या अक्षरानंतर लगेच वेलांटी किंवा काना आला तर मराठीत ते अशक्य आहे. असे शब्द शोधून त्यांची यादी फाइलबरोबर दिली, तर मुद्रितशोधकाला कुठे पाहायचं ते कळतं आणि तक्रारीची पत्रं कमी होतात.

आता हिशेब. समजा पानाला 5 रुपये दर ठेवला आणि पहिली दहा पानं फुकट दिली. दहा पानांत प्रकाशकाला दर्जा कळतो, पुस्तक मात्र होत नाही. मॅकेन्झीच्या पंधरा पत्त्यांची रेषा ती हीच. 210 पानांच्या पुस्तकाचे 1,000 रुपये होतात. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं शुल्क 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 23 रुपये 60 पैसे जातात. महिन्याला दहा पुस्तकं आली तर हाती 9,764 रुपये उरतात, त्यातून सर्व्हरचं भाडं वजा. पण हे प्रकाशक महिन्याला एकच पुस्तक पाठवणारे असतील, तर दहा पुस्तकांसाठी दहा प्रकाशक लागतील. गिऱ्हाईक वर्गच छोटा असेल तर उत्पन्नाला वरची मर्यादा असते, आणि ती कोड लिहिण्याआधी कागदावर काढता येते. हा आकडा पगाराची जागा घेणार नाही. घराच्या हप्त्याला हातभार लावेल इतकाच आहे, आणि तसं समजूनच या कामात पडावं.

अप्रकाशित पुस्तक अनोळखी सर्व्हरवर चढवायला लेखक कचरतात, हाही प्रश्न येईल. रूपांतर गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये केलं तर फाइल त्याच्या संगणकाबाहेर जातच नाही आणि सर्व्हरचा खर्चही घटतो. मात्र मग दहा पानांची मर्यादा चुकवणं जाणकाराला सोपं होतं. प्रकाशन व्यवसायातलं गिऱ्हाईक पाहता हा धोका पत्करण्याजोगा आहे.

यातला सर्वात गंभीर भाग नोकरीच्या कराराचा. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या 17 व्या कलमानुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. अनेक कंपन्यांचे करार त्याहून पुढे जातात आणि नोकरीच्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही धंद्याला मनाई करतात. 2022 च्या सप्टेंबरमध्ये विप्रोनं प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी इन्फोसिसनं आधी कडक ताकीद दिली आणि नंतर वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीनं बाहेरची छोटी कामं करायला वाट मोकळी केली. म्हणजे परवानगी मागायची सोय काही ठिकाणी असते. ती लेखी घ्यावी, आणि कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं खातं, कंपनीचा कोड यांपैकी कशालाही हात लावू नये. एखाद्या शनिवारी कंपनीच्या यंत्रावर लिहिलेल्या चार फाइली पुढे मालकीच्या वादाचं कारण होऊ शकतात.

कराची बाजू तुलनेनं सोपी आहे. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. हे उत्पन्न व्यवसायाचं ठरतं, त्यामुळे पगारदारांचा आयटीआर-1 हा अर्ज चालत नाही, आणि सर्व्हर-डोमेनचा खर्च वजा करायचा असेल तर पावत्या जपाव्या लागतात. पहिल्या वर्षी सनदी लेखापालाला एकदा भेटलेलं चांगलं.

हे किंवा असं दुसरं काही करायचं मनात असेल, तर संपादक उघडण्याआधी ओळखीच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडून किंवा प्रकाशकाकडून पन्नास पानांची जुनी फाइल मागून घ्या. ती त्यांना स्वच्छ करून द्या आणि पुढच्या दीडशे पानांचे पैसे द्याल का, असं सरळ विचारा. तीन ठिकाणी नकार आला तर दुसरं काम शोधा.