ज्येष्ठांच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिट मांडताना

मुंबई-पुण्यातल्या जुन्या गृहनिर्माण संस्थांमध्ये आता एक दृश्य नेहमीचं झालं आहे. इमारत चाळीस-पंचेचाळीस वर्षांची असते, सभासद बहुतेक सत्तरीपुढचे असतात, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल समजावून सांगायला पस्तिशीतला एखादा इंजिनिअर किंवा कमिटीतला तरुण सभासद उभा असतो. ऐकणाऱ्यांत निवृत्त अभियंते, बँक अधिकारी, मुख्याध्यापिका असतात. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींची अशी तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे हा प्रसंग टळत नाही. त्यात कसं बोलावं याबद्दलचे काही समज मात्र घट्ट रुजले आहेत. वडीलधाऱ्यांपुढे आदर राखायचा म्हणजे बोलणं मऊ करायचं, आकडे कमी करायचे, मतभेद शक्यतो उघड करायचा नाही, असं मानलं जातं. माझं मत नेमकं उलट आहे. अशा सभेत आदर दिसतो तो मुख्यतः मांडणीच्या क्रमात, आणि मतभेद स्पष्ट शब्दांत सांगणं हा त्या आदराचाच भाग आहे.

पहिला समज असा, की वय झालं म्हणजे समज कमी झाली, म्हणून तांत्रिक भाग गाळावा. वयाबरोबर माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग कमी होतो हे खरं. पण शब्दसंपदा आणि साठलेलं ज्ञान फार उशिरापर्यंत टिकतं. म्हणजे आशय तोच ठेवून वेग बदलायला हवा. कानाचंही असंच आहे. वयामुळे ऐकू कमी येतं ते आधी वरच्या पट्टीतलं, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं स्पष्ट होत नाहीत. वृद्धांशी बोलतानाच्या भाषेवर मानसशास्त्रज्ञ सुझन केम्पर यांनी बराच अभ्यास केला आहे. लहान मुलांशी बोलावं तसा चढा सूर आणि तोडून तोडून म्हटलेली वाक्यं यांनी समजायला मदत होत नाही. एकात एक अडकलेली उपवाक्यं कमी केली आणि तोच मुद्दा थोडा फोडून सांगितला, की होते. डोळ्यांसाठी दिवे पूर्ण मालवू नयेत, फिकट निळी-राखाडी अक्षरं वापरू नयेत आणि मुख्य तक्ता छापून प्रत्येकाच्या हातात द्यावा. एवढं केलं की अहवालातला कुठलाही आकडा या श्रोत्यांपुढे ठेवता येतो.

आणि आकडा ठेवायलाच हवा, कारण सगळा निर्णय त्यावर उभा असतो. कार्बोनेशनचं उदाहरण घेऊ. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतली सळई गंजापासून सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, तसा हा अल्कधर्म संपत जातो. तपासणीत खांबाचा थोडा भाग ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. जिथे काँक्रीट शाबूत आहे तिथे ते गडद गुलाबी होतं, जिथे अल्कधर्म गेला आहे तिथे रंगच येत नाही. पृष्ठभागापासून त्या गुलाबी रेषेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. सळईवरचं काँक्रीटचं आवरण ४० मिलिमीटर आहे आणि बिनरंगाचा पट्टा ४५ मिलिमीटर, तर सळईचं संरक्षण संपलं. तिथे ओल पोचली की गंज धरतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि आवरण फुटून पडतं. वरून प्लास्टर केलं तर भेग झाकते, पण गेलेला अल्कधर्म परत येत नाही. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटं पुरतात. ते त्याच्यापासून लपवून नुसतं "इमारत धोकादायक आहे, आमच्यावर विश्वास ठेवा" म्हणणं, यात मला आदर दिसत नाही.

दुसरा समज प्रास्ताविकाचा. थोरामोठ्यांपुढे बोलायचं म्हणून संस्थेचा इतिहास, आभार, "लहान तोंडी मोठा घास" अशी नमनाला घडाभर तेल घालणारी सुरुवात होते आणि खरा मुद्दा पाऊण तासाने येतो. तोवर श्रोते थकलेले असतात. शिवाय हा माणूस नक्की कुठे नेतो आहे, असा संशयही जागा झालेला असतो. पुनर्विकासाच्या बाबतीत तर तो लगेच जागा होतो. पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगाव्यात: तपासणीत काय निघालं, आज सभेने काय ठरवायचं आहे आणि काय ठरवायचं नाही. मुंबईत अशा इमारतींची वर्गवारी ठरलेली आहे. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रहिवासी राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवाल सी-२बी म्हणत असेल, तर ते पहिल्याच वाक्यांत यावं, म्हणजे उद्या घर सोडावं लागेल ही भीती तरी जाते.

इथे कोणी म्हणेल की निष्कर्ष आधी सांगणं उद्धटपणाचं वाटतं. आधी कारणं, मग निष्कर्ष हीच नम्र पद्धत. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते शिफारशीला लागू पडतं. तपासणीत जे आढळलं ती वस्तुस्थिती आहे, ती आधी सांगण्यात उद्धटपणा कसला? त्यावरून काय करावं, हे मात्र सभेच्या अधिकारातलं. म्हणून आढळ आधी, मग पर्याय, मग ज्येष्ठांचे आक्षेप आणि त्यानंतर आपली शिफारस असा क्रम मला योग्य वाटतो.

आक्षेप आपल्याच तोंडाने मांडायचे, हे बहुतेकांना पटत नाही. विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्या, हा तिसरा समज. यावरचा एक जुना प्रयोग अजूनही उपयोगी आहे. १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांना जपानविरुद्धचं युद्ध लांबेल असं पटवणारी दोन प्रकारची भाषणं ऐकवली गेली. एकात फक्त अनुकूल मुद्दे होते, दुसऱ्यात प्रतिकूलही. कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीपासून उलट मताचे होते त्यांच्यावर आणि अधिक शिकलेल्यांवर दोन्ही बाजू मांडणाऱ्या भाषणाचा जास्त परिणाम झाला. तो प्रयोग तरुण सैनिकांवर झाला होता, सभासद मंडळींवर नव्हे, हे खरं. पण सुशिक्षित, अनुभवी आणि पुनर्विकासाला मनातून विरोध असलेला श्रोता त्या वर्णनात नेमका बसतो.

शिवाय आक्षेप आपण मांडले की ते पुरते मांडता येतात. ज्येष्ठांचा विरोध दर वेळी माहितीच्या अभावातून येत नाही. बांधकामाला तीन वर्षं लागतील हे वाक्य चाळिशीतल्या सभासदाला अडचणीचं वाटतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना त्यात वेगळंच काही ऐकू येतं. उरलेला काळ थोडा आहे असं वाटू लागलं की माणूस दूरच्या लाभापेक्षा हाताशी असलेल्या नात्यांना आणि मनःशांतीला महत्त्व देतो, असं लॉरा कार्स्टेन्सन यांचं संशोधन सांगतं. जादा चटईक्षेत्राची स्लाइड अशा माणसासाठी निरुपयोगी आहे. त्यांचे प्रश्न वेगळे असतात: भाड्याचं घर याच भागात मिळेल का, तिथे लिफ्ट असेल का, भाडं थकलं तर कोणाकडे जायचं, मधल्या काळात मी गेले तर माझा हक्क वारसांकडे कसा जाईल. हे प्रश्न सभेत मोठ्याने विचारणं अवघड असतं, विशेषतः शेवटचा. म्हणून ते सादरीकरणातच, कोणाचं नाव न घेता, उत्तरांसह यावेत. आणि ज्याचं उत्तर अजून ठरलेलं नाही तिथे तसं स्पष्ट म्हणावं.

आता सगळ्यात घातक समज: वरिष्ठांशी मतभेद असेल तर तो सूचक शब्दांत सांगावा, ते समजून घेतील. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून उडालेलं एअर फ्लोरिडाचं विमान बर्फ आणि चुकीचे आकडे दाखवणारी इंजिनाची यंत्रं यांमुळे पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळलं. विमानातल्या ७९ पैकी ७४ जण आणि पुलावरचे चौघे गेले. धावपट्टीवर वेग घेताना सहवैमानिकाने आकडे बरोबर वाटत नाहीत असं पुनःपुन्हा म्हटलं होतं. उड्डाण थांबवा असं तो म्हणाला नाही, आणि कॅप्टननेही थांबवलं नाही. अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने वरिष्ठाला कसं अडवावं याचा एक साचा आला: आधी नावाने संबोधन, मग आपली काळजी, मग नेमकी अडचण, मग उपाय आणि शेवटी संमतीचा प्रश्न. सभेत उड्डाणासारखी घाई नसते, तरी साचा तोच चालतो.

समजा, तळमजल्यावर चोवीस खांब आहेत आणि निवृत्त अभियंता असलेले सभासद म्हणतात, "हे सगळं पैसे काढायचं काम आहे. २००८ साली जॅकेटिंग केलंय आम्ही." यावर "हो साहेब, तुमचंही बरोबर आहे, पण बघू या" असं म्हणणारा आदर दाखवतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो विषय सोडून देत असतो. त्यापेक्षा असं म्हणता येतं: "देशमुखसाहेब, २००८ मध्ये तुम्ही सहा खांबांना जॅकेटिंग करून घेतलंत, ते सहाही आज सुस्थितीत आहेत, पान चारवर नोंद आहे. मला काळजी उरलेल्या अठरांची आहे. त्यातल्या चौदांमध्ये कार्बोनेशन सळईच्या पलीकडे गेलंय. तेव्हा पावसाळ्याआधी त्यांना टेकू द्यावेत आणि दुरुस्ती व पुनर्विकास, दोन्हींचे खर्च पुढच्या सभेत शेजारी शेजारी ठेवावेत, असं माझं म्हणणं आहे. या मोजणीत तुम्हाला कुठे शंका वाटते?" यात त्यांच्या कामाचं श्रेय खरं आहे, मतभेद चौदा खांबांपुरता आहे आणि शेवटचा प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर त्यांना देता येतं. त्यांनी म्हटलं की चाचणीचे बिंदू चुकीचे निवडले, तर तो आक्षेप गंभीर आहे. मोजणी त्यांच्यासमोर पुन्हा करावी. दुसऱ्या अभियंत्याचा अहवाल वेगळा आलाच, तर मुंबईत परस्परविरोधी अहवालांचा निवाडा करायला महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे.

खरं तर हे संभाषण सभेत पहिल्यांदा होऊच नये. अहवाल आधी घरी पोचवावा आणि फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी चालू असताना अशा जाणकार सभासदांना खाली बोलवावं. याला कोणी आतून केलेली मोर्चेबांधणी म्हणतात. तसं होऊ नये म्हणून निमंत्रण सूचना फलकावर सर्वांसाठी लावावं आणि सभेत कोण कोण हजर होतं ते सांगावं. चारचौघांत मत बदलणं ज्येष्ठाला जड जातं. खांबाशेजारी उभं राहून प्रश्न विचारणं तितकं जड जात नाही. आणि तरीही त्यांचा विरोध कायम राहिला, तर तो इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहून, सभा संपण्याआधी त्यांना वाचून दाखवावा आणि "बरोबर उतरलंय का?" असं विचारून मगच पुढचा विषय घ्यावा.