ई-पुस्तकासाठी नंबर का लावावा लागतो?

न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरो, परसिपनी अशा गावांत मराठी घरं पुष्कळ आहेत. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-वडिलांना गावाचं सार्वजनिक वाचनालय फार लवकर सापडतं. वर्गणी नाही, अनामत नाही, कारण वाचनालय गावाच्या करातून चालतं. थंडीत बाहेर पडणं जिवावर येतं तेव्हा घरबसल्या पुस्तक मिळावं म्हणून अशी वाचनालयं ई-पुस्तकं देतात, आणि सेवा सुरू झाली की काउंटरवर तिची सूचना लागते. गावं वेगळी असली तरी सूचनेचा मजकूर साधारण एकाच धर्तीचा असतो.

कार्डाचा क्रमांक आणि पिन वापरून लिबी या ॲपवर पुस्तक घ्या. एका वेळी ठरावीक संख्येपर्यंतच पुस्तकं घेता येतील. मुदत 7, 14 किंवा 21 दिवसांची. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाईल, दंड नाही. एक प्रत एका वेळी एकाच सभासदाला मिळेल. ती बाहेर असेल तर नंबर लावा. काही पुस्तकं कालांतराने यादीतून कमी होतील. काही पुस्तकं मुळातच उपलब्ध नसतील.

दंड नाही, हे वाचून माणूस खूश होतो आणि त्यापुढच्या ओळी वाचून गोंधळतो. काउंटरवर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, पुस्तक कॉम्प्युटरवरच आहे ना, मग ते ‘बाहेर गेलंय’ म्हणजे काय? आणखी एक कॉपी काढायला कितीसा वेळ लागतो? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र यंत्रात सापडणार नाही, ते कायद्यात आणि करारात आहे.

वाचनालय छापील पुस्तक विकत घेतं तेव्हा ती प्रत त्याच्या मालकीची होते. विकलेल्या प्रतीचं पुढे काय करायचं यावर प्रकाशकाचा हक्क उरत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1908 साली एका खटल्यात मान्य केलं आणि पुढे ते प्रताधिकार कायद्यातही आलं. ती प्रत वाचनालय पन्नास वर्षं वाचायला देऊ शकतं, बांधणी सुटली तर पुन्हा बांधून घेऊ शकतं, शेवटी रद्दीत विकूही शकतं. ई-पुस्तकाच्या बाबतीत असं काहीच विकलं जात नाही. वाचनालयाला मिळतो तो परवाना, आणि परवान्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. एक परवाना म्हणजे एक प्रत आणि एका वेळी एक वाचक. सूचनेतली जवळजवळ प्रत्येक मर्यादा इथून निघते.

हे परवाने मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक रेल्वेच्या पासासारखा, ज्याची मुदत ठरलेली असते. पेंग्विन रँडम हाउसने 2018 मध्ये कायमचे परवाने बंद करून दोन वर्षांचे सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी हॅशेटनेही तेच केलं. दुसरा मोजून दिलेल्या कूपनांसारखा. हार्परकॉलिन्सने 2011 मध्ये ठरवलं की एक ई-पुस्तक 26 वेळा वाचायला दिलं की परवाना संपला. छापील पुस्तक इतक्या वेळा हाताळलं गेलं की खराब होतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर ग्रंथपालांनी 26 पेक्षा कितीतरी जास्त वेळा बाहेर जाऊनही धडधाकट राहिलेली छापील पुस्तकं दाखवली होती. माझ्या मते ग्रंथपालांचं म्हणणं बिनतोड होतं, पण अट आजही आहे.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. एक गाजलेली नवी कादंबरी आहे, वाचनालयाकडे तिचे तीन परवाने आहेत आणि 24 जणांनी नंबर लावलेत. लिबीत त्या पुस्तकाच्या पानावर किती प्रती आहेत, एकूण किती जण थांबलेत आणि दर प्रतीमागे किती, हे स्पष्ट दिसतं. इथे दर प्रतीमागे आठ. मुदत 21 दिवसांची असेल आणि प्रत्येकाने ती पुरी वापरली, तर शेवटच्या माणसाचा नंबर 168 दिवसांनी, म्हणजे साडेपाच महिन्यांनी लागेल. शिवाय नंबर आला की पुस्तक घ्यायला साधारण तीन दिवस दिले जातात. प्रत्येकाने तेही दवडले तर आणखी 24 दिवस. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईची तोवर परतीची बॅग भरून झालेली असेल. हेच वाचक पुस्तक वाचून होताच, समजा दहाव्या दिवशी, परत करत गेले तर तिला ते 80 दिवसांत मिळेल. ई-पुस्तक आपोआप परत जातं म्हणून लोक ते स्वतःहून परत करत नाहीत, आणि पुस्तक वाचून संपलेलं असूनही रांग तिथेच अडून राहते. लिबीत ‘शेल्फ’वर जाऊन पुस्तक लवकर परत करता येतं. सूचनेत हे ठळक अक्षरांत लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच उदाहरणात पैशांचा हिशोबही घालू. मोठ्या प्रकाशकाच्या नव्या कादंबरीचा दोन वर्षांचा परवाना वाचनालयाला 55 डॉलरच्या आसपास पडतो. तीच कादंबरी वाचक स्वतःसाठी ई-पुस्तक म्हणून घेतो तेव्हा सहसा 15 डॉलरच्या आत मिळते. दोन वर्षांत 21 दिवसांच्या फार तर 34 फेऱ्या होतात, म्हणजे दर वाचकामागे साधारण 1 डॉलर 60 सेंट. पुस्तक दहा दिवसांत परत येत राहिलं तर 73 फेऱ्या होतात आणि खर्च 75 सेंटवर येतो. म्हणजे लवकर परत केल्याने रांगेतल्या माणसाचाच नव्हे, गावाच्या कराच्या पैशाचाही फायदा होतो.

26 वेळांच्या परवान्याचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे पुस्तक किती दिवस ठेवलं यापेक्षा ते किती वेळा घेतलं हे महत्त्वाचं. नुसतं चाळून बघू म्हणून घेतलं आणि तासाभरात परत केलं, तरी एक फेरी गेली. चाळायचंच असेल तर लिबीत बहुतेक पुस्तकांचा सुरुवातीचा भाग नमुना म्हणून उघडता येतो, त्याला फेरी लागत नाही. नंबर आला पण सध्या वाचायला वेळ नाही, तर पुस्तक घेऊन ठेवण्यापेक्षा ते काही दिवस पुढे ढकलावं. मधल्या काळात ते मागच्याला मिळतं आणि आपण रांगेत पुढेच राहतो.

यादीतून पुस्तकं कमी होतील, ही ओळ सहसा कुणी नीट वाचत नाही. गाजलेल्या कादंबरीचा परवाना संपला की ग्रंथपाल तो पुन्हा घेतात. पण दोन वर्षांत फक्त पाच जणांनी वाचलेल्या पुस्तकामागे त्याच 55 डॉलरच्या हिशोबाने माणशी 11 डॉलर खर्च झालेला असतो. ते पुन्हा घ्यायचं की त्याऐवजी ज्या पुस्तकापुढे रांग आहे त्याचा आणखी एक परवाना घ्यायचा? बहुतेक वेळा रांग जिंकते. छापील पुस्तकाला वाचक दहा वर्षांनीही भेटू शकतो, कारण ते फुकट वाट पाहत कपाटात उभं असतं. ई-पुस्तकाला वाट पाहण्याचेच पैसे पडतात. गेल्या वर्षी यादीत पाहिलेलं जुनं पुस्तक आज सापडत नसेल तर आपला शोध चुकला असं समजू नये. लिबीत अशा पुस्तकाला ‘नोटिफाय मी’ची खूण करता येते. ती मागणी ग्रंथपालांना कळते आणि पुढच्या खरेदीत तिचा विचार होऊ शकतो.

मराठी पुस्तकंही अशी मागता येतात, पण एका अटीवर. मूळ प्रकाशकाने आपलं ई-पुस्तक लिबी चालवणाऱ्या ओव्हरड्राइव्ह कंपनीच्या बाजारात ठेवलेलं असायला हवं. ते तिथे नसेल तर पैसे असूनही ग्रंथपाल ते घेऊ शकत नाहीत, आणि म्हणून तिथल्या मराठी वाचकाची भूक ई-पुस्तकांवर भागत नाही.

किंडलबद्दलही एक ओळ सूचनेत असते. लिबीतून घेतलेली बरीच पुस्तकं किंडलवर पाठवता येतात, पण ही सोय अमेरिकेतल्या वाचनालयांपुरती आहे. पुस्तक किंडलवर गेलं की व्यवहार ॲमेझॉनच्या खात्यात होतो. कोण काय वाचतं याच्या नोंदी वाचनालयाने गोपनीय ठेवाव्यात असा कायदा न्यू जर्सीत आहे, पण ॲमेझॉनच्या खात्यातली नोंद वाचनालयाच्या हातात नसते. ज्याला ही गोष्ट खुपत असेल त्याने लिबीतच वाचावं. तिथे पुस्तक आधी उतरवून घेतलं तर विमानातही वाचता येतं, आणि कार्ड चालू आहे तोवर ॲप पुण्यातूनही चालतं.

या अटी बदलतील का? वाचनालयांनी एकदा जोर लावून पाहिला आहे. जुलै 2019 मध्ये मॅकमिलनने जाहीर केलं की नव्या पुस्तकाचे पहिले आठ आठवडे वाचनालय कितीही मोठं असलं तरी त्याला एकच ई-प्रत मिळेल. लाखो सभासदांच्या शहराला एक प्रत! अनेक वाचनालयांनी मॅकमिलनची नवी ई-पुस्तकं घेणंच थांबवलं. मार्च 2020 मध्ये, कोविडने वाचनालयांची दारं बंद होत असताना, कंपनीने ती अट मागे घेतली.

कायद्याची वाट जास्त अवघड निघाली. मेरीलँड राज्याने 2021 मध्ये प्रकाशकांवर रास्त अटींची सक्ती करणारा कायदा केला, तो न्यायालयाने 2022 मध्ये रद्द ठरवला, कारण प्रताधिकार हा केंद्राचा विषय आहे. कनेक्टिकटने 2025 मध्ये वेगळी युक्ती केली. प्रकाशकांना न बांधता त्यांनी आपल्याच वाचनालयांना बांधलं: मुदत आणि फेऱ्यांची संख्या या दोन्ही मर्यादा एकाच वेळी घालणारा करार करायचा नाही. एकट्या छोट्या राज्याने असं केलं तर प्रकाशक पाठ फिरवतील, म्हणून त्या कायद्यातच तरतूद आहे की एकूण 70 लाख लोकसंख्येच्या इतर राज्यांनी तसाच कायदा केल्यावरच तो लागू होईल. तशा विधेयकाचा प्रयत्न न्यू जर्सीतही झाला आहे, आणि न्यू जर्सीची लोकसंख्या 90 लाखांच्या वर आहे.