फोन लॉकरमध्ये, घड्याळ टेबलावर

सकाळी ६.००
उठवायला सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आहे. गजर फोनवर लावला की तो बंद करायला फोन हातात घ्यावाच लागतो, आणि रात्रीतून टेलिग्रामवर काय काय येऊन पडलंय ते दिसतं. पुण्यातल्या पेठांमध्ये एमपीएससी करणाऱ्या कुणाचाही फोन बघा, चॅनेलांची रांग असते. माझा फोन रात्रभर दाराजवळच्या प्लगला असतो आणि निघेपर्यंत तिथेच राहतो.

७.३०
अभ्यासिका. तीन बाजूंनी प्लायवूडचा आडोसा असलेलं टेबल, वर ट्यूबलाइट, उजव्या हाताला प्लग. हा प्लगच घातकी. चार्जिंगच्या निमित्ताने फोन टेबलावर येतो आणि एकदा आला की दिवसभर तिथेच राहतो. त्यामुळे चार्जिंग फक्त रात्री खोलीवर. फोन दाराजवळच्या लॉकरमध्ये बंद. किल्ली खिशात असली तरी चालते. उठून, चार खुर्च्या ओलांडून, कुलूप उघडायला जायचं म्हटलं की निम्म्या वेळा हात आपोआप मागे येतो.

नोटिफिकेशन बंद केली की झालं, असं सगळे सांगतात. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. फोन वाजल्यामुळे आपण तो जितक्यांदा उचलतो, त्याहून जास्त वेळा तो न वाजताच उचलतो. किती वाजले बघायला, पीडीएफ उघडायला, एखादी शंका लगेच शोधायला, परीक्षेची तारीख बदलली का ते पाहायला. कारण खरंच असतं, म्हणून तर हात जातो. तेव्हा फोन दूर करायचा, तर त्याची ती कामं टेबलावर दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवीत.

वेळेसाठी छोटं टेबल-घड्याळ. आडोशामुळे भिंतीवरचं दिसतच नाही. पीडीएफसाठी आदल्या रात्री काढलेल्या प्रिंट, तेवढ्याच दिवसापुरत्या. आणि शंकांसाठी पाठकोऱ्या कागदांची एक वही. बाकी टेबलावर एकच पुस्तक. दुसऱ्या विषयाचं पुस्तक दिसलं तरी मन तिकडे पळतं.

८.०० ते ११.००
आज राज्यघटना. राज्यपालांचा अध्यादेश, कलम 213. तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढण्याबद्दलचा 1987 सालचा डी. सी. वाधवा खटला सगळ्यांना पाठ असतो. याचिका करणारे वाधवा आपल्या पुण्याच्याच गोखले संस्थेतले. वाचताना मनात आलं, त्यानंतर याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा नवा निकाल आहे का?

फोन हाताशी असता तर हे दोन मिनिटांचं काम होतं, आणि धोका नेमका तिथेच. शोधलं की निकाल सापडतो, निकालाच्या खाली व्हिडिओ सापडतो, व्हिडिओच्या बाजूला परीक्षेचा कटऑफ किती लागेल यावर कुणीतरी तावातावाने बोलत असतं. म्हणून वहीत एक ओळ: ‘अध्यादेश पुन्हा काढणे, 1987 नंतर?’ पान क्रमांक लिहायचा आणि पुढे वाचायचं. पान क्रमांक महत्त्वाचा, नाहीतर रात्री स्वतःचीच शंका स्वतःला कळत नाही.

११.००
चहा. फोन लॉकरमध्येच. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत फोन काढला तर सुट्टी संपते, पण डोक्यातला मेसेज पुढच्या तासाभरात संपत नाही.

दुपारी १.३०
मेसचं जेवण, आणि मग अर्धा तास फोन. आधी आईला कॉल. मग mpsc.gov.in उघडून नवीन प्रसिद्धिपत्रक आहे का ते बघायचं. ‘परीक्षा पुढे ढकलली’ ही अफवा ग्रुपवर सारखी फिरत असते. खरं काय ते या संकेतस्थळावर कळतं, आणि सकाळी आठला न कळता दुपारी दीडला कळलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. ग्रुप सोडायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर ते म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकले, आणि Keep chats archived चालू ठेवलं, की नवा मेसेज आला तरी ते वर येत नाहीत.

२.३० ते ५.००
आज एक अडचण आहे. वडिलांची दवाखान्यात तपासणी आहे, त्यामुळे फोन लॉकरमध्ये ठेवता येत नाही. अशा दिवशी Do Not Disturb. त्यात कॉल फक्त Starred contacts चे येऊ द्यायचे, आणि आई, वडील, रूममेट यांच्या नावांना फोनबुकमध्ये चांदणी लावायची. Repeat callers मी बंद ठेवते. ते चालू असलं की पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल करणारा कुणीही आत येतो, आणि कुरिअरवाले हमखास दोनदा करतात.

इथे लोक फसतात ते वेगळ्याच जागी. चांदणीवाल्यांना परवानगी दिली, पण फोन सायलेंटवरच राहिला, तर कॉल येतो आणि कळत मात्र नाही. परवानगी म्हणजे आवाज नव्हे. फोन व्हायब्रेटवर हवा. तोही टेबलावर नको, कारण प्लायवूडवर तो थरथरला की अख्खी रांग मान वर करते. कापडी पिशवीत घालून मांडीवर ठेवला की फक्त मला कळतं. आणि घरी एक सांगून ठेवलंय, ‘आई, काही तातडीचं असेल तर साधा कॉल कर, व्हॉट्सॲपवर नको.’ व्हॉट्सॲपच्या कॉलला चांदणीचा नियम लागू होईलच याची खात्री धरता येत नाही.

संध्याकाळी ६.०० ते ८.००
खोलीवर लॅपटॉपवर सराव परीक्षा. हा दिवसातला सगळ्यात कठीण तुकडा, कारण इथे इंटरनेट बंद करता येत नाही. क्रोममध्ये अभ्यासासाठी वेगळी प्रोफाइल केली आहे. तिच्यात टेस्ट सिरीजशिवाय कशाचंच लॉगिन नाही. परीक्षा सुरू झाली की F11 दाबून पूर्ण पडदा, म्हणजे टॅबची रांग दिसत नाही. लेक्चर बघायचं असेल त्या दिवशी यूट्यूबची Watch history बंद आणि आधीची पुसलेली, त्यामुळे पहिलं पान जवळपास रिकामं येतं. व्हिडिओच्या बाजूच्या शिफारशी मात्र तरीही दिसतात. त्याला उपाय पूर्ण पडदाच.

फोनवर या वेळी Focus mode. निवडलेली ॲप करडी पडतात, उघडत नाहीत. काही कंपन्यांच्या फोनवर नाव वेगळं असतं. पळवाटही त्यातच आहे: Take a break दाबलं की काही मिनिटांसाठी सगळं परत उघडतं. शिवाय इन्स्टाग्रामचं ॲप थांबवलं तरी ब्राउझरमध्ये ते उघडतंच, म्हणून थांबवायच्या यादीत क्रोमही टाकायचं.

रात्री ९.३०
शंकांची वही. सकाळच्या शंकेचं उत्तर मिळालं: 2017 साली कृष्णकुमार सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने अध्यादेश पुन्हा पुन्हा काढणं म्हणजे घटनेशी केलेली फसवणूक आहे असं म्हटलं. पुस्तकात त्या पानाच्या समासात दोन ओळी लिहिल्या. बऱ्याच शंका मात्र खोडल्याच जातात, कारण त्यांची उत्तरं दोन पानं पुढे तिथेच छापलेली असतात.

मग उद्याच्या प्रिंट, आणि फोन दाराजवळ.

हे सगळं लावायला फार तर अर्धा तास लागतो. लावून झालं की रूममेटला एक कॉल करायला सांगा, आणि चांदणी नसलेल्या एखाद्या नंबरवरून दुसरा. पहिला थरथरला आणि दुसरा आला ते कळलंही नाही, तरच ते बरोबर लागलंय असं समजा.