क्रिएटिनला मधूनमधून सुट्टी द्यावी लागते का?

जिममध्ये क्रिएटिनचा डबा हातात पडला की पाठोपाठ सल्लाही येतो: "आठ आठवडे घे, मग चार आठवडे सोड. सतत घेतलंस तर अंगाला सवय होते, मग काही उपयोग होत नाही." हा सल्ला इतका रूढ झाला आहे की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो क्रिएटिनला लागू पडतो का, हे ठरवायला एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ती म्हणजे स्नायूंमधला साठा कसा भरतो आणि घेणं बंद केल्यावर किती वेगाने उतरतो.

सत्तर किलो वजनाच्या, मांसाहारी पुरुषाचं उदाहरण घेऊ. त्याच्या शरीरात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, आणि त्यातलं ९५ टक्के स्नायूंमध्ये. जोर लावून वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत जी ऊर्जा लागते, ती या साठ्याच्या आधारावर पुन्हा पुन्हा तयार होते. साठ्यातला जवळपास १.७ टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि लघवीवाटे निघून जातो. म्हणजे दिवसाला सुमारे दोन ग्रॅमची गळती. यातला अंदाजे एक ग्रॅम शरीर स्वतः बनवतं आणि एक ग्रॅम मांस-मासळीतून येतो. येणं आणि जाणं सारखं, म्हणून साठा स्थिर राहतो. शाकाहारी माणसाला आहारातला हा वाटा जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे त्याचा मुळातला साठा थोडा कमी असतो आणि पूरक क्रिएटिनचा फरक त्याला बरेचदा अधिक जाणवतो.

आता हा साठा वाढवला तर काय होतं? याचं उत्तर एरिक हल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा सुईने काढून त्यातलं क्रिएटिन थेट मोजलं. रोज २० ग्रॅम असं सहा दिवस दिल्यावर साठा सुमारे २० टक्क्यांनी वाढला. त्यानंतर ज्यांना रोज फक्त दोन ग्रॅम दिले, त्यांचा साठा वाढलेलाच राहिला. ज्यांचं क्रिएटिन पूर्ण बंद केलं, त्यांचा साठा हळूहळू उतरत गेला आणि तीस दिवसांनी पूर्वीच्या पातळीच्या आसपास आला. आणखी एका गटाला सुरुवातीपासून रोज तीनच ग्रॅम दिले होते. तेही अठ्ठावीस दिवसांत त्याच वरच्या पातळीला पोहोचले. म्हणजे घाई केली तर आठवड्याभरात, नाहीतर महिन्याभरात, पण मुक्काम एकच.

साठा एवढा सावकाश का उतरतो, हे आपल्या उदाहरणावर आकडेमोड करून पाहता येतं. १२० ग्रॅमचा साठा २० टक्क्यांनी वाढून १४४ ग्रॅम झाला. रोजची गळती आता सुमारे २.४ ग्रॅम. डबा बंद केला, पण आहारातून आणि शरीराकडून मिळून दोन ग्रॅमची आवक चालूच आहे. मग रोजची निव्वळ तूट अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, आणि वरच्या चोवीस ग्रॅमपैकी पहिल्या आठवड्यात फक्त दहावा हिस्सा किंवा जरासा जास्त जातो. प्रत्यक्षात घट यापेक्षा वेगाने होते, कारण बाहेरून क्रिएटिन मिळत असताना शरीर स्वतःचं उत्पादन मंद करतं. ते उत्पादन काही काळ पूर्ण थांबलेलंच राहिलं असं धरलं, तर तूट दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास जाते आणि जादा साठा अडीच-तीन आठवड्यांत संपतो. प्रत्यक्ष घट या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होते. म्हणूनच साठा चार ते सहा आठवड्यांत मूळपदावर येतो, असं अभ्यासांतून दिसतं.

हे उत्पादन मंदावणंच अनेकांच्या भीतीचं मूळ आहे. स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये ठरावीक काळ घेऊन मग थांबण्याची पद्धत आहे, कारण त्यात शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दबतं आणि ते सावरणं सोपं नसतं. तोच विचार क्रिएटिनलाही चिकटला. पण क्रिएटिन हार्मोन नाही. घेणं थांबवलं की शरीराचं उत्पादन पुन्हा पूर्ववत सुरू होतं. वरच्या प्रयोगातही बंद केलेल्यांचा साठा मूळ पातळीजवळ आला.

दुसरी भीती अशी की स्नायू क्रिएटिन आत ओढून घेणं सोडून देतील. तिला आधार उंदरांवरच्या १९९८ च्या एका प्रयोगाचा. त्यात उंदरांना महिनोन्‌महिने खाण्याच्या चार टक्के इतकं क्रिएटिन दिलं होतं आणि त्यांच्या स्नायूंमधली क्रिएटिन आत घेणारी प्रथिनं कमी झाली. माणसाच्या खाण्याशी तुलना केली तर हे प्रमाण रोजच्या तीन-पाच ग्रॅमच्या कितीतरी पट भरतं. पुढे माणसांच्या स्नायूंची तपासणी झाली, तेव्हा नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या क्रिएटिनने या वाहक यंत्रणेत तशी घट दिसली नाही. काही दिवसांनी 'परिणाम थांबला' असं वाटतं, त्याचं कारण साधं आहे. भरलेल्या टाकीत आणखी पाणी मावत नाही. साठा वाढणं थांबतं, पण वाढलेला साठा काम करतच राहतो. त्या टप्प्यावर मात्रा वाढवली, तर जादा क्रिएटिन लघवीतून वाहून जातं.

आता 'आठ आठवडे घे, चार सोड' हे गणित तपासू. रोज तीन ग्रॅम घेणाऱ्याचे पहिले चार आठवडे साठा भरण्यात जातात. पुढचे चार आठवडे तो भरलेला असतो. मग चार आठवडे तो उतरत राहतो. बारा आठवड्यांपैकी पूर्ण साठ्याचे दिवस जेमतेम एक तृतीयांश, आणि त्या बदल्यात कुठलाही फायदा नाही. निरोगी प्रौढाने रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट सलग घेतलं, तर मधे खंड पाडण्याचं शास्त्रीय कारण सापडत नाही.

बंद करण्याची वेळ आलीच, तर काय होईल हे आधी माहीत असावं. वजन किलोभर उतरू शकतं. ते मुख्यतः क्रिएटिनबरोबर स्नायूंत साठलेलं पाणी असतं. जड सेटच्या शेवटची एखाद-दुसरी रेप अवघड वाटू लागते. व्यायामाने कमावलेला स्नायू मात्र व्यायाम आणि जेवण चालू असेल तर क्रिएटिनबरोबर निघून जात नाही. आठवडाभर गावी गेलात आणि डबा घरी राहिला, तर साठ्याचा छोटासाच भाग जातो. परत आल्यावर नेहमीची मात्रा सुरू करायची, पुन्हा वीस-वीस ग्रॅम घ्यायची गरज नाही. दीड महिना खंड पडला असेल, तर मात्र सुरुवात नव्याने झाली असं समजावं.

खंडाचा खरा प्रश्न रक्ततपासणीच्या वेळी येतो. साठा वाढला की क्रिएटिनिनही जास्त तयार होतं, आणि मूत्रपिंड ठणठणीत असूनही अहवालातला आकडा थोडा वर दिसू शकतो. तपासणीआधी दोन-चार दिवस बंद ठेवून हा फरक पूर्ण जात नाही, कारण साठा उतरायलाच आठवडे लागतात. म्हणून आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. शंका राहिली तर ते सिस्टॅटिन-सी ही तपासणी करून घेऊ शकतात. तिच्यावर क्रिएटिनच्या साठ्याचा परिणाम होत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन सुरूच करू नये.